पैसे ‘पाठवल्याची पावती’ आणि ‘स्विफ्ट कॉपी’: परदेशी क्लायंटकडे नेमकं काय मागायचं?

परदेशातून येणारं पेमेंट अडकलं की फ्रीलान्सर मंडळींचा ठरलेला मेल जातो: “पैसे अजून आलेले नाहीत, कृपया पेमेंटचा पुरावा पाठवा.” दुसऱ्या दिवशी क्लायंट नेटबँकिंगचा स्क्रीनशॉट पाठवतो. तो घेऊन आपण बँकेत जातो आणि तिथला माणूस म्हणतो, “याने काही होणार नाही, स्विफ्ट कॉपी आणा.” क्लायंटला वाटतं, पुरावा देऊनही हा पुन्हा मागतोय. वाकडेपणा इथून सुरू होतो, आणि चूक दोघांचीही नसते. मेलमध्ये ‘पुरावा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि पुरावे दोन तऱ्हेचे असतात.

स्क्रीनशॉट किंवा बँकेची पीडीएफ पावती एवढंच सांगते की क्लायंटच्या खात्यातून रक्कम वजा झाली किंवा तशी सूचना बँकेने स्वीकारली. पुढे पैसे कुठल्या बँकेत थांबले, हे तिच्यातून सहसा कळत नाही.

स्विफ्ट कॉपी म्हणजे क्लायंटच्या बँकेने स्विफ्ट या बँकांच्या संदेश जाळ्यावरून पुढच्या बँकेला पाठवलेल्या संदेशाची प्रत. या संदेशाचं जुनं नाव MT103. नोव्हेंबर २०२५ पासून बँकांमधला सीमापार व्यवहार pacs.008 या नव्या रूपात चालतो, पण बोलताना लोक अजूनही MT103च म्हणतात, म्हणून मेलमध्ये दोन्ही नावं द्यावीत. जुन्या रूपातली प्रत ओळखणं सोपं आहे, कारण ओळींच्या सुरुवातीला असे आकडे दिसतात:

```
:32A:260312EUR3200,
:59:/...
:71A:SHA
```

पहिल्या ओळीत तारीख, चलन आणि रक्कम आहे, म्हणजे १२ मार्च २०२६, ३,२०० युरो. दुसरीत पैसे घेणाऱ्याचं खातं आणि नाव येतं. तिसरीतला SHA सांगतो की बँकेचे चार्जेस दोघांत वाटले जाणार, त्यामुळे मधली बँक आपलं शुल्क कापून थोडे कमी पैसे पुढे पाठवू शकते. याशिवाय UETR नावाचा ३६ अक्षरांचा क्रमांक असतो: बत्तीस अंक-अक्षरं आणि मध्ये चार आडव्या रेघा. तो प्रत्येक बँकेत तोच राहतो, म्हणून पैशाचा माग याच क्रमांकावरून काढतात.

आता एक उदाहरण घेऊ. नाशिकची एक डिझायनर, हॅम्बर्गचा क्लायंट, वरचेच ३,२०० युरो. पावतीवर सगळं ठीक होतं, रक्कमही बरोबर. स्विफ्ट कॉपी आली तेव्हा दिसलं की घेणाऱ्याच्या नावाच्या जागी तिच्या स्टुडिओचं नाव आहे, कारण बिलावर तेच छापलं होतं. खातं मात्र तिच्या वैयक्तिक नावाचं. नाव जुळेना म्हणून इथल्या बँकेने रक्कम रोखून धरली होती. पावती शंभर वेळा पाहूनही हे समजलं नसतं.

म्हणून मेल असा हवा. विषयात बिल क्रमांक आणि रक्कम. पहिल्या वाक्यात दोष न देता परिस्थिती: “आपण १२ मार्चला पैसे पाठवल्याचं कळवलंत, त्याबद्दल आभार. रक्कम अजून माझ्या खात्यात जमा झालेली नाही आणि माझ्या बँकेला ती शोधण्यासाठी आपल्या बँकेच्या संदेशाची प्रत लागते.” मग मागणी एकच, पण नेमकी: “कृपया आपल्या बँकेकडून MT103 किंवा pacs.008 ची प्रत मागवून द्याल का? तिच्यात UETR क्रमांक दिसायला हवा. नेटबँकिंगच्या पावतीत तो बहुधा नसतो.” हे शेवटचं वाक्य अजिबात गाळू नका. क्लायंट ज्या कर्मचाऱ्याला हे काम सांगेल, त्याला नेमकं काय मागायचं ते यातूनच कळतं.

त्यानंतर एक ओळ मला फार महत्त्वाची वाटते: “माग लागेपर्यंत कृपया पुन्हा पैसे पाठवू नका.” घाबरलेला क्लायंट दुसऱ्यांदा पाठवतो आणि दोन्ही रकमा आल्या की परत करण्याचं नवं लचांड मागे लागतं. ‘ताबडतोब’, ‘तीन आठवडे झाले तरी’ असे शब्द मात्र काढून टाका. काही बँका प्रत द्यायला वेळ किंवा शुल्क घेतात, ते क्लायंटच्या हातात नसतं.

हे सगळं पेमेंट स्विफ्टने आलं असेल तरच. क्लायंटने एखाद्या ऑनलाइन सेवेतून पैसे पाठवले असतील तर बरेचदा MT103 नसतोच. तिथे त्या सेवेचा व्यवहार क्रमांक मागा.

प्रत हाती आली की आपल्या बँकेच्या परदेशी व्यवहार विभागाला UETR सकट मेल करा आणि लेखी उत्तर घ्या. रक्कम त्यांच्यापर्यंत पोचलीच नसेल तर क्लायंटच्या बँकेने त्याच क्रमांकावर चौकशी करायची असते. नाव किंवा खाते क्रमांक चुकला असेल तर दुरुस्तीची सूचनाही तिथूनच यावी लागते. आणि रक्कम इथे येऊन फक्त पैसे कशाचे आहेत ते सांगणाऱ्या परपज कोडसाठी किंवा तुमच्या बिलासाठी थांबली असेल, तर कागद तुम्हीच द्यायचे. क्लायंटला आणखी मेल पाठवायची गरज नाही.