निविदा हुकली? गुण कुठे गेले हे कार्यालयाला कसे विचारावे

निविदेचा निकाल लागला, काम दुसऱ्याला गेले आणि आपल्या नावापुढे फक्त एक आकडा राहिला, की बहुतेक जण दोनपैकी एक करतात : गप्प बसतात किंवा तक्रार ठोकतात. मधला मार्ग फार थोडे जण घेतात. आपले गुण कोणत्या निकषात आणि कोणत्या कागदामुळे कमी झाले, एवढेच अदबीने लेखी विचारायचे. त्यासाठी वेगळा फॉर्म नाही, शुल्क नाही. लेटरहेडवरचे एक पानी पत्र पुरते.

आधी आपली निविदा कोणत्या टप्प्यावर गेली ते पाहा. बयाणा रक्कम, उलाढाल, नोंदणी अशा अटींवर तांत्रिक लिफाफ्यातच अपात्र झाला असाल, तर गुण पडलेलेच नसतात. तिथे अपात्रतेचे कारण विचारायचे. निव्वळ सर्वांत कमी दरावर दिलेल्या कामात तर विचारण्यासारखे काहीच नसते, दरांचा तुलनात्मक तक्ता पाहिला की संपले. या माहितीचा खरा उपयोग गुणवत्ता आणि दर दोन्ही मोजणाऱ्या निविदांत होतो. त्यांना सगळे क्यूसीबीएस म्हणतात. सल्लागार सेवा, सर्वेक्षण, सॉफ्टवेअर अशा कामांत ही पद्धत जास्त दिसते.

कोण विचारू शकतो, केव्हा विचारायचे

ज्याच्या नावाने निविदा भरली त्यानेच विचारायचे. मालकी फर्म असेल तर मालक, भागीदारी किंवा कंपनी असेल तर निविदेत ज्याचे अधिकारपत्र जोडले होते तोच सही करणारा, आणि संयुक्त उपक्रम असेल तर मुख्य भागीदार. उपठेकेदार म्हणून नाव दिलेल्या फर्मला हा अधिकार नाही.

वेळ चुकली की चांगले पत्रही अंगाशी येते. मूल्यमापन चालू असताना बहुतेक निविदांत गोपनीयतेची अट असते आणि त्या काळात कार्यालयाशी संपर्क साधणे म्हणजे निर्णयावर दबाव आणणे, असा अर्थ काढून निविदा बाद करता येते. तांत्रिक निकाल चुकला आहे असे वाटत असेल तर दर लिफाफा उघडण्यापूर्वी, निविदेत दिलेल्या मुदतीत, आक्षेप नोंदवावा लागतो. ते वेगळे पत्र आणि त्याची भाषाही वेगळी. सुधारणेसाठीची विचारणा मात्र काम दिल्यानंतरच करायची. mahatenders.gov.in वर Tender Status मध्ये निविदेचा टप्पा AOC, म्हणजे काम दिल्याचा, दिसू लागला की पत्र द्यायला हरकत नाही.

केंद्रीय कार्यालयांसाठी सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम १७३ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की निविदाधारकाने चौकशी केल्यास निविदा नाकारण्याची कारणे सांगितली पाहिजेत. नगरपरिषद, महापालिका, जिल्हा परिषद यांच्या निविदांत हा नियम दाखवू नका. तिथे आधी त्या निविदेच्याच अटी वाचा.

पत्र लिहिण्याआधी हिशेब करा

इथेच बहुतेकांचे चुकते. ‘दर अजून कमी टाकायला हवा होता’ असे ठरवून लोक पुढच्या वेळी स्वतःचाच नफा कापतात. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेने मालमत्ता सर्वेक्षणाची निविदा काढली. तांत्रिक गुणांना ७० टक्के आणि दराला ३० टक्के वजन. शाहूपुरीतल्या एका फर्मला १०० पैकी ७१ तांत्रिक गुण पडले, दर ४१ लाख. काम मिळालेल्या फर्मला ८८ गुण, दर ४६ लाख.

सर्वांत कमी दराला १०० गुण आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात, हे सूत्र असते. म्हणून शाहूपुरीच्या फर्मला दराचे १०० आणि दुसरीला ४१ भागिले ४६, म्हणजे ८९.१३. वजन लावून बेरीज अशी :

शाहूपुरीची फर्म : ४९.७० + ३०.०० = ७९.७०
काम मिळालेली फर्म : ६१.६० + २६.७४ = ८८.३४

फरक ८.६४. आता समजा, शाहूपुरीच्या फर्मने दर आणखी ३ लाखांनी उतरवून ३८ लाख केला असता. तिचे दराचे गुण तेवढेच राहिले असते, कारण ते आधीच पूर्ण होते. दुसऱ्या फर्मची बेरीज ८६.३८ वर आली असती, एवढेच. ३ लाख सोडून फरक मिटला जेमतेम २ गुणांनी. उलट तांत्रिक गुण ७१ चे ८४ झाले असते, तर ४१ लाखांच्याच दरात बेरीज ८८.८० होऊन काम मिळाले असते. म्हणजे प्रश्न नेमका ठरला : हे १३ गुण कुठे गेले?

काही निविदांत सर्वाधिक तांत्रिक गुणांनाही आधी १०० धरून बाकीचे त्या प्रमाणात मोजतात. तसे असेल तर फरक वेगळा येतो, म्हणून सूत्र निविदेतूनच घ्या, आठवणीतून नको.

सोबत काय हवे

निविदा आयडी, ऑनलाइन सादरीकरणाची पावती, पोर्टलवरचा तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता, निविदेतले गुणतक्त्याचे पान, त्यावरची शुद्धिपत्रके आणि सही करणाऱ्याचे अधिकारपत्र. शुद्धिपत्रक तपासायला विसरू नका. निविदापूर्व बैठकीनंतर गुणांची विभागणी कधी कधी बदललेली असते आणि जुन्या तक्त्यावर प्रश्न विचारला की कार्यालय एका ओळीत पत्र निकाली काढते.

पत्र निविदा मागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामाने द्यायचे. नगरपरिषदेत बहुधा मुख्याधिकारी, बांधकाम विभागात कार्यकारी अभियंता.

> प्रति,
> मा. मुख्याधिकारी, … नगरपरिषद, जि. कोल्हापूर
>
> विषय : मालमत्ता सर्वेक्षण निविदेतील आमच्या तांत्रिक गुणांची निकषनिहाय माहिती मिळणेबाबत.
> संदर्भ : १) निविदा आयडी … २) दि. … रोजी पोर्टलवर प्रसिद्ध झालेला तांत्रिक मूल्यमापन तक्ता
>
> महोदय,
> उपरोक्त निविदेत आमच्या फर्मने सहभाग घेतला होता. संदर्भ क्र. २ नुसार आम्हांस १०० पैकी ७१ गुण प्राप्त झाले आहेत. पुढील निविदांमध्ये आमचा प्रस्ताव अधिक परिपूर्ण करता यावा, यासाठी खालील माहिती मिळावी, ही विनंती.
> १) अनुभव, उलाढाल, मनुष्यबळ व कार्यपद्धती या चार निकषांत आम्हांस मिळालेले स्वतंत्र गुण.
> २) अनुभवाच्या ४ कामांपैकी कोणती ग्राह्य धरण्यात आली व उर्वरित कामांसाठी कोणता कागद अपुरा होता.
> अन्य निविदाधारकांच्या कागदपत्रांची आम्ही मागणी करीत नाही. आपल्या सोयीच्या वेळी प्रत्यक्ष भेटून माहिती घेण्यासही आमची तयारी आहे.
>
> आपला विश्वासू,

‘गुण कमी का दिले?’ असा प्रश्न यात नाही, कारण त्याला उत्तर मिळत नाही. समिती तक्त्यात आकडे भरते, आकड्यांमागची कारणे सहसा लिहीत नाही. ‘कोणता कागद अपुरा होता’ याचे उत्तर मात्र फाइल उघडून तिथला लिपिकही काढून देऊ शकतो. प्रश्न दोन-तीनच ठेवा. दहा प्रश्नांचे पत्र वरच्या टेबलावर जाते आणि तिथेच राहते.

‘पक्षपात’, ‘संगनमत’, ‘न्याय मिळावा’ हे शब्द टाळा. प्रत पालकमंत्र्यांना आणि लाचलुचपत विभागाला, अशी तळटीप घातली की पत्र आपोआप तक्रारीच्या फाइलला लागते आणि मग उत्तर मोजून-मापून येते. उलट टोकही नको. ‘निकालाबाबत आमची काहीही हरकत नाही’ हे वाक्य सौजन्य म्हणून लिहिले जाते, पण पुढे आव्हान द्यायचे ठरले तर तेच समोर ठेवले जाईल. आव्हानाचा विचार असेल तर पत्र देण्याआधीच वकिलाला भेटा. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. बयाणा रकमेच्या परताव्याची मागणीही याच पत्रात घालू नका. ती लेखा शाखेकडे जाते आणि पत्र दोन टेबलांच्या मध्ये अडकते.

पत्र आवक विभागात द्या, स्थळप्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. नुसता ईमेल पाठवून थांबू नका.

उत्तर आले नाही तर

पंधरा दिवसांनी आवक क्रमांक टाकून एक स्मरणपत्र द्या. तरीही शांतता असेल तर माहितीचा अधिकार आहे. अर्ज फर्मच्या नावाने न करता मालकाने किंवा संचालकाने नागरिक म्हणून स्वतःच्या नावाने करावा, कारण कायद्याने हा अधिकार नागरिकाला दिला आहे. महाराष्ट्रात अर्जाचे शुल्क १० रुपये, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांत बसवायचा. माहिती ३० दिवसांत मिळायला हवी. न मिळाल्यास पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील.

माहिती अधिकारात ‘का’ विचारायचे नाही, कागद मागायचा : आमच्या प्रस्तावाची निकषनिहाय गुणपत्रिका आणि मूल्यमापन समितीचे इतिवृत्त. दुसऱ्या फर्मचा तांत्रिक प्रस्ताव मागितला की कलम ८(१)(ड) मधले व्यापारी गुपित आणि कलम ११ मधली त्रयस्थ पक्षाची नोटीस पुढे येते आणि आपल्याच गुणांची माहितीही रखडते.

उत्तर हातात आल्यावर

उदाहरणातल्या फर्मला समजा असे उत्तर आले : अनुभव ४० पैकी २०, उलाढाल २० पैकी २०, मनुष्यबळ २० पैकी १४, कार्यपद्धती २० पैकी १७. प्रत्येक कामाला १० गुण होते आणि दोन कामांना फक्त कार्यादेश जोडला होता, कार्यपूर्णत्वाचा दाखला नव्हता. ते दोन दाखले असते तर गुण ९१ आणि बेरीज ९३.७०. एकच दाखला असता तर ८१ गुण आणि ८६.७०, म्हणजे तरीही काम हुकले असते. मात्र त्याला मनुष्यबळातल्या ६ पैकी ३ गुणांची जोड मिळाली असती, तर निकाल फिरला असता.

म्हणून पहिली फेरी त्या दोन जुन्या ग्राहकांच्या कार्यालयात. दाखल्यावर कामाचे नाव, रक्कम, सुरुवात व पूर्ततेची तारीख, आणि सही करणाऱ्याचे पदनाम व शिक्का हवा. यातली रक्कम किंवा पूर्ततेची तारीख राहून गेली तर दाखला असूनही काम ग्राह्य धरले जात नाही. काम खासगी ग्राहकाचे असेल तर पैसे खरेच मिळाल्याचा पुरावा म्हणून फॉर्म २६एएस मधली टीडीएसची नोंद काही निविदांत मागतात, तीही काढून ठेवा. आणि एखादे काम अजून चालू असेल, तर पूर्ण झालेल्या भागाचा दाखला चालतो का, हा प्रश्न पुढच्या निविदेच्या निविदापूर्व बैठकीआधी लेखी द्या. त्याचे उत्तर शुद्धिपत्रकात छापून आले, की समितीलाही तेच लागू होते.