शाळेच्या यादीतली ईदची सुट्टी बदलते तेव्हा

जूनमध्ये शाळा सुट्ट्यांची यादी देते. त्यात काही सणांपुढे ‘चंद्रदर्शनानुसार बदल संभव’ अशी टीप असते. गणेशोत्सव किंवा दिवाळीही दरवर्षी वेगळ्या तारखेला येते, पण तिथी पंचांगात आधीच गणिताने काढलेली असते. इस्लामी महिना मात्र चंद्र दिसल्यावर सुरू होतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी चंद्रकोर दिसली तर दुसऱ्या दिवशी नवा महिना, नाही दिसली तर तीस दिवस पूर्ण करायचे. म्हणून एका दिवसाचा फरक पडतो.

किती आधी कळणार, हे सणावर अवलंबून आहे. रमजान ईद ही रमजाननंतरच्या महिन्याच्या पहिल्याच दिवशी, म्हणजे खात्री आदल्या रात्री होते. बकरी ईद आणि मोहरम दहाव्या दिवशी, ईद-ए-मिलाद बाराव्या, म्हणून तिथे आठ-दहा दिवस हाताशी असतात.

2023 ची बकरी ईद घ्या. सरकारी यादीत ती 28 जूनला होती. पण चंद्र 19 जूनच्या संध्याकाळी दिसला, जिलहज महिना 20 जूनला सुरू झाला आणि ईद 29 जूनला आली. त्याच दिवशी आषाढी एकादशी! राज्याने सुट्टी 29 ला नेली. ज्या शाळांच्या यादीत आषाढीचीही सुट्टी होती, त्यांच्या दोन सुट्ट्या एका दिवसात आल्या. अशी वाया गेलेली सुट्टी आपोआप दुसऱ्या दिवशी मिळत नाही, त्यासाठी वेगळा आदेश लागतो.

कधी कधी चंद्राचा काही संबंध नसतो. 2024 मध्ये ईद-ए-मिलाद 16 सप्टेंबरलाच होती, पण 17 ला अनंत चतुर्दशी. विसर्जन आणि जुलूस लागोपाठ नकोत म्हणून मुंबई शहर व उपनगरात सुट्टी 18 ला गेली. इतर जिल्ह्यांत निर्णय जिल्हाधिकाऱ्यांवर सोपवला होता, त्यामुळे मुंबईतल्या नातेवाइकाने पाठवलेलं पत्रक नाशिकच्या शाळेला लागू होईलच असं नाही.

पालकांनी बघायची कागदपत्रं तीन: सामान्य प्रशासन विभागाची अधिसूचना किंवा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, त्यावरून निघालेलं शिक्षणाधिकाऱ्यांचं परिपत्रक, आणि मुख्याध्यापकांच्या सहीची सूचना. फॉरवर्ड होऊन आलेल्या पत्रकावर तारीख, जावक क्रमांक आणि जिल्हा नसेल तर शाळेला फोन करा. मुख्याध्यापकांना स्वतःच्या अधिकारात वर्षाला मोजक्याच सुट्ट्या देता येतात. त्या अशा वेळी खर्चायच्या की नाही हे तेच ठरवतात, पालकांच्या अर्जाने ठरत नाही.

घरचा सण यादीतल्या तारखेपेक्षा वेगळ्या दिवशी आला, तर वर्गशिक्षकांच्या नावे साधा रजेचा अर्ज द्यावा: मुलाचं नाव, इयत्ता, तुकडी, तारीख, कारण, पालकाची सही. रमजान ईदच्या आदल्या रात्री शाळा बंद असते, तेव्हा वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकून अर्ज परत शाळेत जाताना मुलासोबत द्यावा. त्या दिवशी चाचणी असेल तर अर्जातच तसं लिहावं आणि ती नंतर घेण्याची विनंती करावी.