एकाने भरले, दुसऱ्याकडून वसूल कसे करायचे? अपघात-भरपाईतील हिश्श्याच्या हक्काची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी, चिक्कोडी, अथणी या भागांतील रस्त्यांवर रात्रीचे उसाचे ट्रॅक्टर लागतात. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, उसाची वाढी बाहेर लोंबत असलेली आणि मागे लाल दिवा तर सोडाच, परावर्तक पट्टीही नसलेला असा एखादा ट्रॅक्टर पंक्चर होऊन रस्त्यातच उभा राहतो आणि वेगाने येणारी बस त्यावर आदळते. बसमधल्या प्रवाशाचा जीव जातो. त्याचा स्वतःचा काहीच दोष नसतो. दोष असतो बसच्या चालकाचा आणि ट्रॅक्टरवाल्याचा, म्हणजे दोघांचा. मग भरपाई कोणी द्यायची, आणि एकाने सगळी दिली तर दुसऱ्याकडून त्याचा हिस्सा मागता येतो का?

या प्रश्नाचे जुने उत्तर इंग्लंडमधून आले आणि ते नकारार्थी होते. 1799 साली ‘मेरीवेदर विरुद्ध निक्सन’ या खटल्यात दोघांनी मिळून एका गिरणीचे नुकसान केले होते. 840 पौंडांची संपूर्ण भरपाई एकट्या मेरीवेदरकडून वसूल झाली, म्हणून त्याने निक्सनकडे अर्धी रक्कम मागितली. न्यायाधीश लॉर्ड केन्यन यांनी ती नाकारली. चुकीचे कृत्य केलेल्याने त्याच कृत्याच्या आधारावर न्यायालयाकडे मदत मागू नये, असा त्या नियमामागचा विचार मानला जातो. जाणूनबुजून केलेल्या कृत्याला तो लागू पडतोही; पण अंधारात आदळलेल्या बसला तो लावणे अन्यायाचे ठरते, कारण मग कोणाला किती भुर्दंड बसेल हे दोषावर अवलंबून न राहता वसुलीला आधी कोण सापडला यावर अवलंबून राहते. 1827 मध्येच इंग्रज न्यायालयाने हा नियम आकुंचित केला आणि 1935 च्या कायद्याने तिथल्या संसदेने तो मोडीत काढला.

आपल्याकडे असा कायदा झालाच नाही. भारतीय करार कायद्याचे कलम 43 एकत्र वचन देणाऱ्यांना एकमेकांकडून हिस्सा मागू देते, पण ते करारापुरते आहे. अपकृत्यांसाठी, म्हणजे करार नसताना चुकीने किंवा निष्काळजीपणाने दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्या कृत्यांसाठी, तसे कलम नाही. 1956 पर्यंत बेळगाव आधी मुंबई इलाख्यात आणि नंतर मुंबई राज्यात होते. त्या इलाख्यात 1827 च्या चौथ्या रेग्युलेशननुसार, जिथे लिखित कायदा किंवा रूढी नसेल तिथे न्याय, समन्याय आणि सद्‌सद्विवेकबुद्धी यांवर निकाल द्यायचा होता. म्हणजे इंग्रजी नियम आपोआप लागू होत नव्हता, तो न्याय्य आहे की नाही हे तपासायला वाव होता. तरीही देशातील न्यायालयांत याबाबत मतभेद राहिले. 1951 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मेरीवेदरचा नियम भारतात लावू नये असे म्हटले, आणि हिश्श्याच्या हक्काची बाजू भक्कम झाली.

मोटार अपघातांत हा हक्क कसा वापरायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ‘खेनयेई’ प्रकरणात स्पष्ट केले. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठांनी आधी जी दिशा घेतली होती, तिचाही त्यात विचार झाला. समजा, वरच्या अपघातात मृताच्या पत्नीला 20 लाख रुपये मंजूर झाले आणि न्यायाधिकरणाने बसचा दोष 60 टक्के, ट्रॅक्टरचा 40 टक्के ठरवला. ही टक्केवारी त्या दोघांच्या आपापसातील हिशेबासाठी आहे. पत्नीने सगळे 20 लाख एकट्या बस महामंडळाकडून घेतले तरी चालते. ट्रॅक्टरवाल्याच्या मागे लागण्याची तिच्यावर सक्ती नाही. महामंडळाने पूर्ण रक्कम भरल्यावर त्याला 8 लाख आणि त्यावरचे प्रमाणशीर व्याज ट्रॅक्टरच्या मालकाकडून किंवा विमा कंपनीकडून घेता येते. दोघेही मूळ अर्जात पक्षकार असतील आणि टक्केवारी ठरलेली असेल, तर त्यासाठी नवा दावा नको, त्याच निवाड्याच्या अंमलबजावणीत वसुली होते.

अडते ते इथेच. बऱ्याचदा पत्नीचा वकील फक्त बसलाच पक्षकार करतो. मग ट्रॅक्टरवाल्याच्या गैरहजेरीत त्याचा दोष ठरवणे योग्य नाही, असे न्यायालयाने म्हटले आहे. तेव्हा महामंडळाला भरपाई दिल्यानंतर स्वतंत्र कारवाई करावी लागते आणि दिवा नव्हता, पट्टी नव्हती, हे सगळे पुन्हा सिद्ध करावे लागते. तोवर पंचनाम्यावेळचे साक्षीदार सापडतीलच असे नाही. म्हणून निकालपत्र हाती येताच शेवटचा आदेश वाचावा: ‘संयुक्तपणे आणि पृथकपणे’ जबाबदार, म्हणजे पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाही एकाकडून घेता येईल, असे लिहिले आहे का, आणि त्यात टक्केवारी आहे का.

मृत व्यक्ती ट्रॅक्टरचालकच असेल, तर मात्र गणित बदलते. त्याचा स्वतःचा 40 टक्के दोष त्याच्या वारसांच्या भरपाईतूनच वजा होतो, कारण तिथे तो हिस्सा दुसऱ्या अपराध्याकडून मागायचा नसतो. प्रवाशाच्या बाबतीत तशी वजावट करणे चूक आहे.

ट्रॅक्टरचा विमाच नसेल आणि मालकाकडे वसुलीजोगी मालमत्ता नसेल, तर महामंडळाचे 8 लाख बुडतात. पण तो तोटा महामंडळाचाच असतो, मृताच्या पत्नीच्या 20 लाखांतून एक रुपयाही त्यासाठी कापता येत नाही.