गुरू पंचमात आलाय, मग गोड बातमी का नाही? पत्रिका दाखवायला येण्याआधी हे वाचा

नौपाड्यातल्या आमच्या ऑफिसात संतती योग बघायला येणाऱ्या जोडप्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. कॅलेंडरमधे किंवा मोबाईलवर राशिभविष्य वाचलेलं असतं, कुंभ रास, गुरू मिथुनेत म्हणजे पाचवा, म्हणजे यावर्षी होणारच, आणि मग वर्ष निघून जातं आणि घरात उगाच सगळे निराश. पण ते पाचवं घर चंद्रराशीपासून मोजलेलं असतं. आम्ही संततीसाठी पंचम स्थान आधी लग्नापासून, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीपासून धरतो, राशीपासून नंतर फक्त पडताळा घेतो.

आता लग्न काढायचं तर जन्मवेळ लागते, आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो. रास साधारण सव्वादोन दिवस तीच राहते म्हणून अंदाजे वेळ सांगितली तरी चालून जाते, लग्न मात्र साधारण दोन तासांत बदलतं. संततीसाठी जी सप्तमांश कुंडली बघतात तिचं लग्न तर सरासरी १७ मिनिटांत बदलतं. त्यामुळे "सकाळी सातच्या सुमारास" एवढंच सांगितलंत तर आम्ही सप्तमांश उघडतच नाही, कारण त्यावरून जे सांगू ते तुमचं असेलच असं नाही.

एक उदाहरण घ्या. ताईंचा जन्म ठाण्यातला, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातला, रास कुंभ, नक्षत्र शततारका. घरचे सांगतात सकाळी सात. सातला तूळ लग्न येतं, पंचमात कुंभ, पंचमेश म्हणजे त्या राशीचा स्वामी शनी. मे २०२५ मधे गुरू मिथुनेत आला, तिथून त्याची नववी दृष्टी कुंभेवर, म्हणजे लग्नाकडून बघा नाहीतर राशीकडून, दोन्हीकडून उत्तर २०२५ असंच येतं. नंतर आईच्या कपाटात हॉस्पिटलचं जुनं डिस्चार्ज कार्ड सापडलं, त्यावर वेळ ७.२०. वीस मिनिटांत लग्न झालं वृश्चिक, पंचमात मीन आणि पंचमेश खुद्द गुरू! आता मिथुनेतला गुरू आठवा झाला, त्याची दृष्टी मीनेवर नाहीच. ती दृष्टी येते गुरू कर्केत गेल्यावर, जून ते ऑक्टोबर २०२६, भाग्यात म्हणजे नवव्या घरात, उच्चीचा, आणि नवव्या दृष्टीने थेट पंचमावर.

तरी नुसत्या गोचरीवर, म्हणजे ग्रहांच्या चालू भ्रमणावर, आम्ही वेळ सांगत नाही. गुरू लग्नात, पंचमात, नवमात किंवा लाभात असला की पंचमाशी संबंध येतोच, म्हणजे बारा वर्षांच्या फेरीत साधारण चार वर्षं, मग दर वेळी मूल होतं का? दशेने, म्हणजे पत्रिकेप्रमाणे त्या काळावर ज्या ग्रहाचा अंमल असतो त्याने, आधी होकार द्यावा लागतो. या ताईंना गुरूचीच महादशा चालू आहे आणि त्यात लग्नेश मंगळाची अंतर्दशा एप्रिल २०२६ पासून जवळजवळ अकरा महिने. ऑक्टोबर २०२५ मधे गुरू दीडेक महिना कर्केत जाऊन आला खरा, पण तेव्हा ही अंतर्दशा लागली नव्हती. दशा आणि गोचर एकत्र येतात तो काळ आम्ही अनुकूल म्हणून लिहून देतो, तारीख देत नाही, कोणी देत असेल तर त्याला आधार विचारा.

पंचमात गुरू बसलाय, गुरू संततीचा कारक आणि कारक आपल्याच भावाचा नाश करतो असं कुणी सांगितलं म्हणून रडत येणाऱ्या ताई पण खूप असतात. त्या एका ओळीवर निकाल लावू नका, पंचमेश कुठे आहे, पंचमावर कुणाची दृष्टी आहे हे बघितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

आणि पत्रिका दोघांच्या लागतात. संततीची क्षमता बघायचं गणित, क्षेत्रस्फुट, बायकोच्या पत्रिकेवरून काढतात तसं बीजस्फुट नवऱ्याच्या, त्यामुळे सासूबाई एकट्या सुनेची पत्रिका घेऊन आल्या तर आम्ही नम्रपणे परत पाठवतो. मुलगा की मुलगी हे आम्ही सांगत नाही, विचारूही नका. डॉक्टरांची ट्रीटमेंट चालू असेल तर ती पत्रिकेसाठी थांबवायची नाही, तपासण्या दोघांनी करून घ्यायच्या.

वेळ शोधताना जन्मदाखल्यावर भरवसा ठेवू नका, त्यावर बहुतेकदा वेळ नसतेच. डिस्चार्ज कार्ड, बारशाच्या वेळी केलेली जुनी पत्रिका, आजोबांची डायरी हे बघा. वेळ बरोब्बर ७.०० किंवा ७.३० असेल तर ती कुणीतरी गोल केलेली असण्याची शक्यता धरा, आणि जन्म रात्री बारानंतरचा असेल तर तारीख कुठली धरली ते घरी विचारून घ्या. काहीच मिळालं नाही तर लग्नाची तारीख, पहिली नोकरी, धाकट्या भावंडाचा जन्म असे तीन-चार प्रसंग तारखेसकट लिहून आणा, त्यावरून आम्ही जन्मवेळ शुद्ध करून देतो, त्याला वेगळी अपॉइंटमेंट आणि वेगळी फी आहे, पण एकदा शुद्ध केलेली वेळ पुढे घर, नोकरी सगळ्यालाच उपयोगी पडते.

यायच्या दोन दिवस आधी दोघांची जन्मतारीख, वेळ, गाव आणि वेळ जिथे लिहिलीय त्या कागदाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे कुंडल्या आधीच तयार असतात आणि तुमचा पूर्ण वेळ बोलण्यात जातो.