सीसी नूतनीकरणासाठी माल-खतावणी: फिफोने विकलेल्या मालाची किंमत कशी काढायची

अमळनेर, चोपडा, शिरपूरकडच्या ढेप-बियाण्याच्या दुकानदारांच्या सीसी, म्हणजे कॅश क्रेडिट मर्यादेच्या, नूतनीकरणाच्या फाइली बँकेतून परत येतात, तेव्हा शेऱ्यात बहुधा एकच ओळ असते: 'स्टॉक जुळत नाही.' काय जुळत नाही, हे कोणी सांगत नाही. सांगायला हवं, कारण चूक बहुतेक वेळा दोन-तीन ठरावीक जागीच सापडते.

सीसी मर्यादा असलेल्या आणि एकाच जातीचा माल वेगवेगळ्या भावाने घेणाऱ्या कोणालाही हे लागू आहे. लेखा मानक 2 नुसार अशा मालाला फिफो, म्हणजे आधी आलेला माल आधी गेला असं धरणं, किंवा भारित सरासरी चालते. शेवटी आलेला माल आधी गेला असं धरणं चालत नाही. एकदा धरलेली पद्धत दरवर्षी तीच ठेवायची.

कागदपत्रं: खरेदी-विक्रीची बिलं, जीएसटी विवरणपत्रं, माल-खतावणी, महिनाअखेरचं स्टॉक स्टेटमेंट. ही सगळ्यांकडे असतात. नसतो तो मागच्या शिल्लकेचा भावनिहाय तपशील. '40 पोती, 60,000 रुपये' एवढं लिहून भागत नाही. त्यातली किती पोती कोणत्या खरेदीची, हे हवं, नाहीतर पहिल्याच विक्रीला कोणता भाव लावायचा हे ठरत नाही. मागच्या वर्षाची शेवटची दोन-तीन खरेदी बिलं उलट क्रमाने जोडत शिल्लक भरून काढा. फिफोत उरतो तो माल शेवटच्या खरेद्यांचाच असतो.

आता सरकी ढेपेचा एक एप्रिल घेऊ. 1 तारखेला 40 पोती, सगळी 1,500 रुपयांची. 5 ला 60 पोती आली, 1,600 ने. या 1,600 मध्ये गाडीभाडं आणि उतराई हमाली धरली आहे, ती धरायचीच. ज्या जीएसटीचं क्रेडिट मिळतं, तो मात्र या हिशेबात धरायचा नाही. 9 ला 70 पोती विकली. आधी जुनी 40 संपवा, 60,000. उरलेली 30 पोती 1,600 ची, 48,000. म्हणजे विकलेल्या मालाची किंमत 1,08,000 आणि शिल्लक 30 पोती 1,600 ने. गिऱ्हाइकाला कितीला विकली, त्याचा इथे संबंध नाही.

14 ला 50 पोती 1,700 ने आली. 18 ला 45 विकली: 30 पोत्यांचे 48,000, 15 पोत्यांचे 25,500, मिळून 73,500. शिल्लक 35 पोती 1,700 ने, 59,500. महिन्याची विकलेल्या मालाची किंमत 1,81,500. ताळा असा: सुरुवातीचे 60,000, खरेदीचे 96,000 आणि 85,000, एकूण 2,41,000. त्यातून 59,500 वजा केले की 1,81,500 च यायला हवेत.

फाइल अडकते ती 14 तारखेच्या मालावर. गाडी 14 ला उतरली, पण बिल 20 ला हातात आलं आणि खरेदी 20 ला चढवली. मग 18 च्या विक्रीला खतावणीत 30 च पोती दिसतात, 15 कमी पडतात. त्या 15 ना अंदाजाने 1,600 लावले की विक्रीची किंमत 72,000 होते आणि शिल्लक रक्कम महिनाअखेर 61,000 दिसते. पोती मात्र 35 च, 1,700 ने 59,500. हे 1,500 रुपये कुठून आले, ते तपासणीला आलेल्या माणसाला सांगता येत नाही. म्हणून खरेदीची तारीख गोदामात माल उतरला ती धरा, बिल्टीवर पोहोचल्याची तारीख लिहून घ्या आणि बिल्टी बिलाला टाचून ठेवा. एवढ्या एका कागदापायी अख्खी फाइल परत पाठवणं जाचक आहे, तरी तो कागद ठेवणं आपल्या हातात आहे. प्रत्येक नोंदीनंतर शिल्लक पोती गुणिले त्यांचे भाव आणि शिल्लक रक्कम एकच येते का, हे पाहत गेलात तर चूक त्याच ओळीवर पकडता येते. शिल्लक उणे गेली, तर खरेदी उशिरा चढली किंवा राहूनच गेली, असं समजा.

मुदतीबाबतही गोंधळ होतो. स्टेटमेंट 30 एप्रिलचं असतं. ते मे महिन्यात कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं, ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. देण्याच्या दिवसापर्यंतचा माल काहीजण त्यात धरतात. 3 मेला उतरलेली गाडी एप्रिलच्या स्टेटमेंटमध्ये येत नाही, बिलावर एप्रिलची तारीख असली तरी.

भिजलेली, उंदरांनी फाडलेली पोती विक्रीत ढकलू नका. ज्या तारखेला नुकसान कळलं, त्या तारखेला वेगळी नोंद करून, सर्वात जुन्या शिल्लक भावाने वजा करा.