बालहक्क संहिता : राष्ट्रांची बंधनकारक कर्तव्ये आणि आकांक्षा

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २० नोव्हेंबर १९८९ रोजी स्वीकारलेली बालहक्क संहिता २ सप्टेंबर १९९० पासून अमलात आली. तिच्या ५४ कलमांचा सारांश लिहिताना विद्यार्थी बहुधा सर्वच वाक्ये ‘राष्ट्रांनी करावे’ अशा एकाच सुरात उतरवतात. त्यामुळे बंधनकारक कर्तव्य आणि निव्वळ आकांक्षा यांत मूळ मजकुराने काळजीपूर्वक ठेवलेला फरक पुसला जातो. प्रत्येक वाक्यात राष्ट्राने नेमके काय करायचे, त्याला कोणती मुभा आहे आणि कर्तव्य मोडले हे दाखवता येईल का, हे पाहावे लागते.

सशस्त्र संघर्षाविषयीचे ३८वे कलम या दृष्टीने उद्बोधक आहे. पंधरा वर्षांखालील कोणालाही सैन्यात भरती करू नये, ही त्यातील स्पष्ट मनाई आहे. तिला अपवाद नाही. चौदा वर्षांचा एक सैनिक आढळला तरी भंग सिद्ध होतो. अशा मुलांनी लढाईत प्रत्यक्ष भाग घेऊ नये यासाठी मात्र राष्ट्राने ‘शक्य ते सर्व उपाय’ योजायचे आहेत. इथे एखादे मूल रणांगणावर दिसले एवढ्याने भंग ठरत नाही. कोणते उपाय शक्य होते आणि ते योजले का, हे तपासावे लागते. पंधरा ते अठरा वयोगटातून भरती करताना मोठ्यांना प्राधान्य देण्याचा फक्त प्रयत्न करायचा आहे. हे सर्वांत सैल बंधन, पण तेही बंधनच: प्रयत्नच न करणारे राष्ट्र दोषी ठरू शकते.

खरी आकांक्षा मुख्यतः प्रास्ताविकेत आढळते. मुलाने सुखाच्या, प्रेमाच्या वातावरणात वाढावे, हे तिथले विधान कलमांचा अर्थ लावताना उपयोगी पडते. त्यातून स्वतंत्र कर्तव्य निघत नाही.

सर्वाधिक गफलत होते ती मधल्या पट्ट्यात. चौथ्या कलमानुसार आर्थिक, सामाजिक आणि सांस्कृतिक हक्कांसाठी राष्ट्राने उपलब्ध साधनांच्या कमाल मर्यादेपर्यंत उपाय करायचे आहेत. २८व्या कलमात शिक्षणाचा हक्क टप्प्याटप्प्याने साधायचा आहे. ‘टप्प्याटप्प्याने’ दिसताच पुष्कळ जण अशी तरतूद आकांक्षेच्या रकान्यात टाकतात. ते चूक आहे. वेग परिस्थितीनुसार ठरतो, पण पावले उचलणे ऐच्छिक नाही. त्याच कलमात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि सर्वांना मोफत करण्यास सांगितले आहे, तर माध्यमिक शिक्षणाबाबत त्याच्या विविध प्रकारांना उत्तेजन देण्याची आणि ते प्रत्येक मुलाच्या आवाक्यात आणण्याची भाषा आहे. मोफत शिक्षण तिथे योग्य उपायाचे उदाहरण म्हणून येते. सारांशात ‘शिक्षण मोफत हवे’ एवढेच लिहिल्यास ही पायरी नाहीशी होते. शिवाय दुसऱ्या कलमातील भेदभावाची मनाई तत्काळ लागू असल्याने, शाळा कमी असल्या तरी त्यांतून मुलींना वगळण्यास साधनांच्या टंचाईची सबब चालत नाही.

एखाद्या विशिष्ट राष्ट्राबद्दल लिहायचे असेल, तर त्याने नोंदवलेली आरक्षणे, म्हणजे काही तरतुदी स्वतःला लागू नाहीत असे संहिता मान्य करताना केलेले निवेदन, आणि आमसभेने २००० साली स्वीकारलेला सशस्त्र संघर्षविषयक ऐच्छिक प्रोटोकॉल हा संहितेचा जोडकरारही तपासावा. या प्रोटोकॉलने सक्तीच्या भरतीसाठी किमान वय अठरा केले. तो मान्य केलेल्या राष्ट्राच्या बाबतीत ३८व्या कलमातील पंधराची मर्यादा तेवढ्यापुरती अपुरी ठरते.