मेनूकार्डवरची शेवभाजी: फोटो सजवताना काय बदलतो आणि काय बदलत नाही

ढाबे, खानावळी आणि हॉटेलचालकांसाठी

मेनूकार्डसाठी फोटो येतात ते बहुतेक मोबाइलवर काढलेले. ट्यूबलाइटखाली स्टीलची वाटी, मागे बिलाचं पुस्तक, वाटीच्या काठावर ओघळ. मागचा पसारा काढून तिथे काळा दगड किंवा जुनं लाकूड बसवणं, ओघळ पुसणं, उजेड एका बाजूने आल्यासारखा करणं, हे सगळं आम्ही करतो. पण वाटीच्या आत जे आहे आणि जेवढं आहे, त्याला हात लावत नाही. ती रेघ कुठे पडते, ते शेवभाजीवरून सांगतो, कारण आपल्या भागातल्या पदार्थांत सजवायला सगळ्यात अवघड तीच.

पहिली अडचण रंगाची. आपली तर्री भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा आणि काळ्या मसाल्याची असते, म्हणजे तपकिरी, काळपटाकडे झुकणारी. मोबाइलच्या फोटोत ती मळकट दिसते आणि मालक म्हणतात, "थोडी लाल करा." सॅच्युरेशन, म्हणजे रंगाचा भडकपणा, वाढवलं की ती लालभडक होते खरी, पण मग ती शेवभाजी राहत नाही. गिऱ्हाइकाला ती काश्मिरी मिरचीची ग्रेव्ही वाटते, आणि लाल भागातले बारकावे भरून जाऊन तेलाचा तवंग आणि वाटणाचा रवा दिसेनासा होतो. मळकटपणा बहुतेक वेळा मसाल्याचा नसतो, उजेडाचा असतो. म्हणून फोटो काढताना वाटीशेजारी एक पांढरा कागद ठेवून एक जादा फोटो घ्या. त्या कागदावरून आम्ही व्हाइट बॅलन्स लावतो, म्हणजे दिव्यामुळे आलेली रंगाची छटा काढून टाकतो. कागद पांढरा झाला की तर्री आपोआप तिच्या खऱ्या रंगावर येते, मग फक्त उजेड थोडा वाढवावा लागतो. भरताचंही तसंच: हिरव्या मिरचीचं फिकं भरीत पिवळ्या दिव्याखाली केशरी दिसतं, आणि वाचणाऱ्याला त्यात टोमॅटो आहे असं वाटतं.

दुसरी अडचण शेवेची. जाड शेव रश्शात पडली की थोड्याच वेळात फुगते आणि बुडते. फोटोत नुसता रस्सा दिसतो, म्हणून वरून दोन मुठी शेव टाकण्याचा मोह होतो. अमेरिकेत कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या जाहिरातीत वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या टाकल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर राहावेत. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने त्यावर आक्षेप घेतला आणि 1970 मध्ये हे प्रकरण आदेशापर्यंत गेलं. तुकडे खरे होते, पण जास्त असल्यासारखे दिसत होते. आपल्याकडेही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे, आणि मालाच्या प्रमाणाबद्दल दिशाभूल करणं तिच्यात येतं.

यावर साधा उपाय आहे. समजा, तुमच्या फुल प्लेटला 60 ग्रॅम शेव पडते. तेवढीच काट्यावर मोजून घ्या. रस्सा आधी ओता, कॅमेरा लावून ठेवा, शेव शेवटी टाका आणि लगेच फोटो घ्या. शेव वर दिसेल आणि एक काडीही जास्त नसेल. शेव आम्ही संगणकावर वाढवत नाही. कोथिंबिरीचंही तेच: तुमचा आचारी घालत असेल तरच ती फोटोत राहील.

तिसरी गोष्ट वाटीची, आणि इथेच नकळत सगळ्यात मोठी फसगत होते. "स्टीलऐवजी तांब्याची हंडी दाखवा" असं सांगितलं जातं. हंडी लहान असेल तर तीच भाजी काठोकाठ दिसते, मोठी करून बसवली तर दोघांना पुरेल एवढी वाटते. म्हणून दोन्ही भांडी पाण्याने भरून ते पाणी मापाच्या भांड्यात मोजा. स्टीलच्या वाटीत 300 मिली मावत असेल, तर हंडीतही जवळपास तेवढंच मावायला हवं. आणि त्या हंडीत तुम्ही खरोखर वाढणार असाल तरच ती फोटोत घालतो.

आकार कळावा म्हणून वाटीशेजारी तुमचा रोजचा चमचा आडवा ठेवा. चमचा 6 इंच आणि वाटीचं तोंड 5 इंच असेल, तर छापलेल्या फोटोत चमचा 6 सेंटिमीटर भरल्यावर तोंडाची रुंदीही 5 सेंटिमीटरच्या आसपास यावी. फार जवळून फोटो काढला की पुढची वस्तू फुगते आणि हे माप चुकतं. दोन पावलं मागे जाऊन दुप्पट झूम करा. भाकरी, कांदा, लिंबू हे त्याच किमतीत येत नसेल तर चौकटीबाहेर ठेवा.

छपाईआधी आम्ही एक नमुना कागदावर काढून देतो, कारण पडद्यावरचा लाल रंग छापल्यावर मंदावतो. तो नमुना तुमच्या वेटरला दाखवा, खाली नाव किंवा किंमत न लिहिता, आणि विचारा: "हे काय, हाफ का फुल?" त्याने चटकन बरोबर सांगितलं तर फोटो छापायला पाठवतो. तो अडखळला किंवा चुकला, तर त्याला कशावरून तसं वाटलं ते कळवा, तेवढा भाग मूळ फोटोवरून पुन्हा करून देऊ. म्हणून मूळ फोटो मेनूकार्ड छापून येईपर्यंत मोबाइलमधून काढून टाकू नका.